एक किलो तुपाला किती दूध?

एप्रिल महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गोठ्यात दोन म्हशींचं दूध वेगवेगळं तपासून पाहिलं, तर आकडे चक्रावून टाकतात. दोघींची वैरण एकच, पेंड एकच, पाणी एकाच हौदाचं. तरी एकीची फॅट ७.६ लागते आणि दुसरीची ५.९. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली आलं की पॉइंटमागे पैसे कापले जातात. त्यामुळे दुसऱ्या म्हशीच्या मालकाकडे लोक लगेच संशयानं बघतात. पाण्याचा विषय निघतो, म्हशीच्या जातीचा निघतो, पेंडीच्या पोत्याचाही निघतो. ती म्हैस व्याली कधी, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच असायला हवा.

म्हैस बाराही महिने सारखी माजावर येत नाही. दिवस लहान व्हायला लागले की तिच्या शरीराला माजाचा इशारा मिळतो. त्यामुळे पावसाळा सरता सरता आणि थंडीत बहुतेक म्हशी माजावर येतात. गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा असतो. ऑक्टोबरच्या मध्याला गाभ धरलेली म्हैस पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास विते. म्हणून भाद्रपदापासून पुढे गावोगाव दूध वाढत जातं आणि दिवाळीनंतर भरास येतं. दूध संघ या दिवसांना पुष्टकाळ म्हणतात. पुढे उन्हाळ्यात त्याच म्हशी वेताच्या शेवटाकडे आलेल्या असतात, दूध आटतं आणि कृशकाळ सुरू होतो.

आता फॅटचं बघू. व्याल्यावर चिकाचे दिवस संपले की दूध चढत जातं आणि दीड-दोन महिन्यांत सर्वांत जास्त होतं. याच दिवसांत फॅटची टक्केवारी सर्वांत कमी असते. नंतर दूध जसजसं उतरतं तसतशी टक्केवारी चढते, कारण कास जेवढी फॅट तयार करते ती आता कमी पाण्यात येते. एप्रिलमध्ये ७.६ देणारी म्हैस भाद्रपदात व्यालेली होती. ५.९ देणारी फेब्रुवारीत व्याली होती, म्हणजे ऐन उन्हाळ्यात ती तिच्या भरात होती. दोघींच्या आकड्यांत जो फरक दिसला, त्याचा मोठा भाग एवढ्यावरूनच समजतो.

इथे तुपाचा हिशेब मांडून पाहायला हवा, कारण गैरसमज इथेच होतो. भाद्रपदात व्यालेली ती म्हैस कार्तिकात दिवसाला ९ लिटर दूध देत होती आणि फॅट ६.३ होती, असं धरू. चैत्रात ती ५ लिटरवर आली आणि फॅट ७.६ झाली. म्हशीच्या एका लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं. म्हणजे कार्तिकात रोज सुमारे ५८४ ग्रॅम फॅट मिळत होती आणि चैत्रात ३९१ ग्रॅम. सगळ्या दुधाचं दही लावून, घुसळून, लोणी कढवून तूप केलं, तर चांगल्या हाताला १०० भाग फॅटपैकी ८८ ते ९० भाग तुपात मिळतात. ८८ धरले तर कार्तिकात दिवसाला ५१४ ग्रॅम तूप झालं आणि चैत्रात ३४४ ग्रॅम. टक्केवारी वाढली, पण घरातलं तूप एक तृतीयांशानं घटलं.

तेच दूध विकत घेऊन तूप करणाऱ्याचा हिशेब मात्र उलटा निघतो. कार्तिकात त्याला एका लिटरमागे ५७ ग्रॅम तूप मिळालं, चैत्रात ६९ ग्रॅम. म्हणजे एक किलो तुपाला कार्तिकात साडेसतरा लिटर दूध लागलं आणि चैत्रात साडेचौदा. म्हणून ‘उन्हाळ्यात तूप जास्त पडतं’ आणि ‘उन्हाळ्यात तूप कमी होतं’ ही दोन्ही वाक्यं गावात ऐकू येतात आणि दोन्ही बरोबर असतात. पहिलं बोलणारा लिटरमागचं तूप मोजत असतो, दुसरा दिवसाचं.

वेत ही झाली पहिली गोष्ट. वैरण ही दुसरी, आणि तिचा परिणाम काही दिवसांतच दिसतो. दुधातली साधारण निम्मी फॅट कासेतच तयार होते. तिचा कच्चा माल म्हणजे पोटातले जंतू वैरणीतल्या तंतूंपासून जे ॲसेटिक आम्ल बनवतात ते. कडब्यासारखी कोरडी, तंतुमय वैरण असली की म्हैस खूप वेळ रवंथ करते, हे आम्ल भरपूर तयार होतं आणि फॅट टिकते. आषाढात पहिल्या पावसाचं कोवळं लुसलुशीत गवत मिळायला लागतं. जनावर ते आवडीनं खातं, दूधही थोडं वाढतं. पण त्या गवतात पाणी जास्त आणि तंतू कमी असतात. रवंथ कमी होते आणि आठ-दहा दिवसांत फॅट उतरते. हिरवा चारा मिळतोय, दूध वाढलंय, म्हणजे सगळं ठीक चाललंय असं शेतकऱ्याला वाटत असतं आणि पावतीवर ५.८ येतं. उपाय साधा आहे. कडब्याची कुट्टी आधी घालायची आणि कोवळा चारा नंतर. उन्हाळ्याअखेरीस कडबा महाग झालेला असतो, तरी पहिल्या पावसाच्या महिन्यापुरता तो राखून ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. तेवढ्यावर बहुतेक गोठ्यांतली फॅट सावरते.

ऊस पट्ट्यात आणखी एक वैरण येते, उसाचे वाढे. नोव्हेंबरपासून कारखाने चालू असेपर्यंत कोल्हापूर-सांगलीच्या गोठ्यांत वाढ्यांचे भारे पडतात. वाढ्यात तंतू आहेत, त्यामुळे फॅट फारशी पडत नाही. त्यात प्रथिनं मात्र फार कमी असतात. फक्त वाढ्यांवर आणि मूठभर पेंडीवर ठेवलेल्या म्हशीच्या पावतीत एसएनएफचा आकडा ढिला दिसतो. त्याचा परिणाम तुपावर नाही, दह्यावर होतो. त्याकडे वळण्याआधी उन्हाचं सांगायला हवं, कारण एसएनएफवर सगळ्यांत मोठा घाव तेच घालतं.

म्हशीची कातडी काळी, केस विरळ आणि घामग्रंथी कमी. म्हणून तिला डुंबायला पाणी लागतं. ते नसेल तर उन्हात ती धापा टाकते, खाणं कमी करते आणि दिवसभराचं रवंथाचं चक्र बिघडतं. खाणं घटलं की ऊर्जा कमी पडते, पोटातल्या जंतूंपासून मिळणारी प्रथिनंही घटतात आणि दुधातलं प्रथिन उतरतं. एसएनएफमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात. दुधातली साखर ५ टक्क्यांच्या आसपास, प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपास आणि उरलेले क्षार. दुधातली साखर फारशी हलत नाही, कारण कासेत पाणी किती ओढलं जाईल हे तीच ठरवते. म्हणून एसएनएफ ९.२ वरून ८.७ वर आला, तर घट बहुतेक प्रथिनांतच झालेली असते. ताजी व्यालेली, जास्त दुधाची म्हैस यात आधी सापडते. वेताच्या शेवटाला आलेल्या म्हशीत दूध आटल्यामुळे प्रथिनं थोडी दाट होतात, त्यामुळे तिच्यावर उन्हाचा परिणाम झाकला जातो.

उन्हाचा आणखी एक परिणाम धारेच्या वेळी दिसतो. गाईच्या कासेत काही दूध आधीच साठून उतरलेलं असतं. म्हशीच्या कासेत असं सहज मिळणारं दूध फार थोडं, साधारण पाच टक्के. बाकीचं पान्हा सुटल्याशिवाय येत नाही. पहिल्या धारा पातळ असतात आणि शेवटच्या धारांत फॅट कितीतरी पटीनं जास्त असते. उकाड्यानं त्रासलेली म्हैस पान्हा चोरते. अशा वेळी जे कासेत राहतं ते नेमकं सगळ्यांत तुपाळ दूध असतं. रेडकाला शेवटी सोडण्याची पद्धत असेल तर तीच फॅट त्याच्या पोटात जाते. दुपारी आणि धारेआधी म्हशीला नीट धुतलं, वैरण पहाटे आणि रात्री गारव्यात दिली, तर पावतीवरचा आकडा काही दिवसांतच वर येतो.

आता परत तुपाकडे. किलोमागे साडेचौदा लिटरचा हिशेब मांडला, त्यात घुसळणाऱ्याच्या हाताला सर्व ऋतूंत सारखे गुण दिले होते. घरात तसं होत नाही. लोणी गोळा होण्यासाठी फॅटचे कण अर्धे घट्ट, अर्धे मऊ असावे लागतात. उन्हाळ्यात दही किंवा साय कोमट असताना घुसळली तर कण इतके मऊ होतात की लोण्याचा गोळा नीट धरत नाही आणि फॅट ताकातच राहते. कडाक्याच्या थंडीत उलट होतं. कण कडक असतात आणि घुसळून हात दुखला तरी लोणी येत नाही. म्हणून जुन्या बायका थंडीत कोमट पाण्याचा आणि उन्हाळ्यात गार पाण्याचा शिपका मारत आल्या. सायीसाठी १० ते १४ अंशांचं तापमान चांगलं, म्हणजे फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेली साय. चैत्रात गार पाण्याची काळजी घेतली नाही आणि १०० पैकी ८८ ऐवजी ७८ च भाग हाती आले, तर एक किलो तुपाला साडेचौदाऐवजी जवळजवळ साडेसोळा लिटर दूध लागेल. म्हणजे वेताच्या शेवटी फॅट वाढल्याचा जो फायदा होता, त्यातला निम्म्याहून अधिक ताकात जातो. हे ओळखणं सोपं आहे. ते ताक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं. सकाळी वर पांढरा घट्ट थर आला, तर तेवढं तूप ताकात गेलं आहे.

तूप कढवल्यावर त्याचं रूपही ऋतू आणि वैरण सांगतं. हिरव्या चाऱ्याच्या दिवसांतलं तूप थोडं मऊ असतं, सैल राहतं. सरकी पेंड जास्त असलेल्या गोठ्यातलं तूप लवकर गोठतं आणि टणक होतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कापूस पट्ट्यात हे जुनं ज्ञान आहे. तुपाच्या शुद्धतेच्या चाचण्यांवरही याचा परिणाम होतो, इतका की ॲगमार्कनं कापूस पट्ट्यातल्या तुपाला वेगळी प्रमाणं दिली आहेत आणि त्यातही हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची वेगळी. कापूस पट्ट्यातलं शुद्ध तूप एरवीच्या मापानं मोजलं, तर त्याच्यावर उगाच भेसळीचा शिक्का बसला असता.

दह्याचा प्रश्न वेगळा आहे. एक लिटर दुधाचं दही लावलं तर जवळपास तेवढंच दही होतं, दूध दाट असो की पातळ. फरक पडतो तो घट्टपणात आणि वर सुटणाऱ्या पाण्यात. दह्याचा सांगाडा केसीनचा, म्हणजे प्रथिनांतल्या मुख्य भागाचा असतो. केसीन कमी असलं की जाळं विरळ होतं आणि चमचा घातला की पाणी सुटतं. फॅट या जाळ्यात अडकून राहते, दह्याला मऊपणा देते, पण जाळं उभं करत नाही. इथे एक सावधगिरी हवी. उन्हाळ्यात दही लवकर आंबून पाणी सोडतं आणि थंडीत लागायला वेळ लागतो, ते बहुतांशी स्वयंपाकघरातल्या उष्णतेमुळे. दुधाला दोष द्यायचा तर दोन्ही ऋतूंत सारख्या उबेत, सारखं विरजण घालून दही लावून बघावं आणि मगच ठरवावं.

खरं उत्पादन दिसतं ते चक्क्यात. गुढीपाडव्याला श्रीखंडाची मागणी असते आणि तेव्हाच एसएनएफ उतरायला लागलेलं असतं. दोन कॅन समोर ठेवू, प्रत्येकी दहा लिटरचे. पहिल्यात फॅट ७.२ आणि एसएनएफ ९.२, दुसऱ्यात ६.० आणि ८.६. दही लावून फडक्यात टांगलं तर जवळजवळ सगळी फॅट आणि केसीन चक्क्यात राहतं. साखर, क्षार आणि बाकीचं प्रथिन बहुतेक पाण्याबरोबर निथळून जातं. चक्क्यात १०० भागांत ३० भाग घन पदार्थ राहतील इतका तो निथळला, तर पहिल्या कॅनमधून सुमारे चार किलो चक्का होईल आणि दुसऱ्यातून सुमारे तीन किलो चारशे ग्रॅम. या सहाशे ग्रॅमच्या फरकात साधारण दोन तृतीयांश वाटा फॅटचा आहे आणि एक तृतीयांश प्रथिनाचा. त्यामुळे दुसऱ्या दुधात वरून साय घालून वजन भरून काढता येईल असं वाटतं. पण तसं केलं की चक्का तेलकट होतो, फडक्याला तूप लागतं आणि श्रीखंड फेटताना फुटल्यासारखं दिसतं, कारण एवढी फॅट धरून ठेवायला केसीन पुरत नाही. वजनावर भरवसा ठेवताना चक्का किती वेळ टांगला तेही बघावं. कमी निथळलेला चक्का वजनाला जास्त भरतो आणि सगळा हिशेब खोटा पाडतो.

पातळ दिवसांत दह्यासाठी सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे दूध आटवणं. दहा लिटर मंद आचेवर ढवळत नऊ लिटर केलं की ८.६ चं एसएनएफ साडेनऊपर्यंत जातं. शिवाय तापलेल्या दुधातली दुसरी प्रथिनं केसीनला चिकटतात आणि दही जास्त पाणी धरून ठेवतं. गॅस लागतो आणि एक लिटर पाणी वाफेवाटे जातं, पण त्यातून मिळणारं दही कडक उन्हाळ्यातही कापता येतं. दूध पावडर घालण्याचा मार्ग मिठाईवाले वापरतात. घरी मला आटवणंच जास्त भरवशाचं वाटतं, कारण चव बदलत नाही.

शेवटी त्या ५.९ च्या संशयाकडे. पाणी घातलं की फॅट आणि एसएनएफ एकाच प्रमाणात उतरतात. ७.६ आणि ९.२ च्या दहा लिटर दुधात एक लिटर पाणी घातलं, तर आकडे ६.९ आणि ८.४ होतील. ऋतू आणि वेत मात्र दोघांना सहसा वेगवेगळं हलवतात. ५.९ देणाऱ्या म्हशीचं एसएनएफ ८.९ असेल तर पाण्याचा आरोप टिकणं कठीण, कारण पाण्यानं फॅट एवढी पाडली असती तर एसएनएफ त्याहून बराच खाली गेला असता. लॅक्टोमीटरच्या डिग्रीवर एकट्यानं निर्णय देऊ नये, हेही त्यातूनच येतं. फॅट पाण्यापेक्षा हलकी असते, त्यामुळे खूप तुपाळ दूध लॅक्टोमीटरवर कमी डिग्री दाखवतं आणि ते पाणी घातल्यासारखं वाटतं. नुकतंच काढलेलं, फेसाळ, कोमट दूधही कमी दाखवतं. हे उपकरण सहसा २७ अंश तापमानासाठी आखलेलं असतं, म्हणून गरम दुधाचा आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो. गर्बर पद्धतीत दूध आम्लासोबत फिरवून फॅटचा स्तंभ मोजला की शंका बरीचशी मिटते. एकाच सकाळच्या पावतीवर न थांबता आठवड्याभराच्या सकाळ-संध्याकाळच्या पावत्या बघाव्यात. दोन धारांमधलं अंतर कमी असल्यानं संध्याकाळचं दूध साधारण जास्त फॅटचं असतं. हा फरक कायम असूनही दोन्ही वेळचे आकडे एकदम खाली आले, तर आधी कासेला हात लावून बघावा. दगडी झाली असेल तर कास गरम किंवा कडक लागते, दूध खारट लागतं, एसएनएफ पडतं आणि दही नीट लागत नाही. ते वेगळं दुखणं आहे, त्याला जनावरांचा डॉक्टर लागतो आणि तोवर ते दूध कॅनमध्ये मिसळू नये.